कप्तानाची झोप

बाइंडरबाईंना गल्लीत कुणी नावानं हाक मारत नसे. वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान त्यांनी वयाच्या बाविसाव्या वर्षी हातात घेतलं, आता त्या पासष्टीच्या झाल्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांचं खरं नाव बहुतेक फक्त वीजबिलावर उरलं होतं. दुकान खाली, घर वर. मागच्या बाजूला एक दगडी जिना, आणि त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्यांचा धाकटा भाऊ. त्याला लहानपणापासून सगळे कप्तान म्हणायचे, कारण गल्लीतल्या खेळात टॉस कोणीही जिंको, खेळायचं कसं ते हाच ठरवायचा.

कप्तान साठीला टेकला होता. तेविसाव्या वर्षी त्याच्या कानात आवाज बोलायला लागले आणि पुढची किती वर्षं घरात कुणाला स्वस्थता म्हणून नव्हती. दवाखाने झाले, गोळ्या बदलल्या, दोनदा तो तीन-तीन महिने वॉर्डात राहून आला. मग अठरा वर्षांपूर्वी क्लोझापीन नावाचं औषध सुरू झालं आणि आवाज हळूहळू मागं सरले. पुरते गेले नाहीत, पण शेजारच्या खोलीत कुणी रेडिओ लावावा इतपत दूर गेले. कप्तान पुन्हा खाली दुकानात येऊन बसायला लागला. हाडाच्या पट्टीनं कागदाला घडी घालायची, घडीचे फर्मे एकावर एक रचायचे, सुईदोऱ्यानं शिवायचे. शिवण तर अशी घालायचा की बाइंडरबाईंनी जळफळावं.

आणि दिवसाला पस्तीस सिगारेटी ओढायचा. एक कमी नाही. त्या जिन्यावर बसून तो ओढायचा आणि संध्याकाळी दुकान बंद करून बाइंडरबाई दोन पायऱ्या सोडून वर बसायच्या. दिवसभर घुम्यासारखा राहणारा कप्तान त्या एका सिगारेटीपुरता बोलायचा. आज आलेल्या वहीचा पुठ्ठा कसा भिकार होता, कोपऱ्यावरच्या शाळेची घंटा पूर्वी कशी वाजायची, वडील, म्हणजे अण्णा, खळ शिजवताना कोणतं गाणं गुणगुणायचे. सिगारेट संपली की बोलणं संपलं. बाइंडरबाईंचा त्या धुरावर राग होता आणि त्या धुराची त्यांना वाटही बघावी लागायची, अशी ही तऱ्हा.

राग का नसणार? दुकानात बांधलेल्या पुस्तकांना वास यायचा. एका वकिलानं तर कायद्याचे बारा खंड परत आणून दिले होते, म्हणे न्यायाधीशांना शिंका येतात. तीस वर्षं बाइंडरबाई भावाच्या मागं लागल्या होत्या. चिडून झालं, रडून झालं, पाकिटं लपवून झालं. हल्ली त्यांना स्वतःलाच खोकला लागला होता, पण तो कागदाच्या धुळीचा असणार म्हणून त्यांनी तिकडं लक्ष दिलं नव्हतं.

आणि मग एका सकाळी काय झालं, कप्तान खाली आला, अर्धं भरलेलं पाकीट बहिणीच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "नको आता."

"काय नको?"

"हे." आणि फर्मे घेऊन बसला.

बाइंडरबाईंना वाटलं, संध्याकाळपर्यंत मागेल. संध्याकाळी त्यानं मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरत होते, तोंड वाकडं होतं, पण मागितलं नाही. बाई तशा हुशार. धावत जाऊन औषधाच्या दुकानातून दंडावर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्ट्या आणल्या. चौथ्या दिवशी गल्लीतल्या दोघांना आणि पाचव्या दिवशी उरलेल्या सगळ्यांना कळलं की बाइंडरबाईंनी अखेर भावाची सिगारेट सोडवली. कशी सोडवली, असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "चिकाटी लागते." खरं कारण त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायचीही त्यांना गरज वाटली नाही. माणसाच्या मनासारखं झालं की तो कारणं कशाला विचारतो?

साधारण त्याच सुमाराला कप्तानाला झोप यायला लागली.

आधी संध्याकाळी जिन्यावर बसल्याबसल्या पेंगायचा. मग आठ वाजताच आडवा व्हायचा. मग सकाळी साडेनऊ झाले तरी उठेना. बाइंडरबाई चहा घेऊन वर गेल्या तेव्हा तो कुशीवर झोपला होता, तोंड थोडं उघडं, उशीवर लाळेचा ओला डाग. आणि बाई तिथंच उभ्या राहिल्या. कारण हा चेहरा त्यांनी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. असाच झोपायचा हा लहानपणी! अण्णा दुकानाच्या मागच्या खोलीत कागदाच्या कातरणांच्या पोत्यावर त्याला निजवायचे आणि पुस्तकं दाबायचा शिकंजा कुरकुरत असला तरी हा ढिम्म हलायचा नाही. आजार आल्यापासून त्याची झोप म्हणजे दारावर कुणी थाप मारील म्हणून कान देऊन पडलेल्या माणसाची झोप होती. कपाळाला कायम आठी. ती आठी आज नव्हती.

"झोप बाबा," बाई म्हणाल्या. "किती वर्षांची राहिलीय तुझी."

चहा त्यांनीच पिऊन टाकला.

मग त्यांना एक नवाच नाद लागला. शिवायचे फर्मे घेऊन त्या वर यायच्या, त्याच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढायच्या आणि शिवता शिवता बोलत राहायच्या. पूर्वी सिगारेटीपुरता तो बोलायचा आणि त्या ऐकायच्या, आता उलटं. कोणकोणत्या गोष्टी सांगाव्यात त्यांनी! आई शिवणयंत्राच्या पायट्यावर पाय ठेवून कशी डुलकी काढायची. पुराचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा कप्तानानं शाळेच्या पाचशे वह्या माळ्यावर कशा चढवल्या. अण्णा गेले त्या वर्षी दोघांनी मिळून बांधलेली पहिली ऑर्डर कशी उलटी बांधली गेली, मुखपृष्ठ मागं आणि शेवट पुढं, आणि गिऱ्हाईकाला ते आवडलं. गच्चीवरची गोष्ट तर त्यांनी तीनदा सांगितली. कप्तान पंधरा वर्षांचा असताना अण्णांच्या ड्रॉवरमधून एक सिगारेट पळवून गच्चीवर ओढत होता, आणि बाईंनी त्याला रंगेहाथ पकडून त्याचा कान असा पिळला की दोन दिवस लाल होता. "तेव्हाच सोडली असतीस तर?" त्या झोपलेल्या भावाला म्हणायच्या आणि दोरा तोडायच्या.

खरं सांगायचं तर ते दिवस त्यांना फार आवडले. पुढं त्याची त्यांना इतकी लाज वाटली, पण आवडले.

नवव्या दिवशी रक्ताचा मंगळवार होता. क्लोझापीन घेणाऱ्याला महिन्यातून एकदा रक्त द्यावं लागतं, कारण या औषधानं क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी घटतात. रक्ताचा रिपोर्ट ठीक आल्याशिवाय पुढच्या महिन्याच्या गोळ्या मिळत नाहीत. अठरा वर्षांत या बहीणभावांनी एक मंगळवार चुकवला नव्हता. त्या दिवशी कप्तानाला उठवून कपडे घालायलाच तास गेला. टॅक्सीतून उतरल्यावर तो जहाजावरून उतरल्यासारखा डुलत चालला. क्लिनिकच्या नेहमीच्या सिस्टर रजेवर होत्या. बदली आलेल्या मुलीपुढं चाळीस माणसं बसलेली.

"झोपाळू दिसतात," ती म्हणाली.

"निवांत झोपतोय हल्ली," बाई कौतुकानं म्हणाल्या.

"नवं औषध काही सुरू केलंय का? सर्दीखोकल्याचं, अँटिबायोटिक, कुठलंही?"

हा प्रश्न दर महिन्याला असायचा आणि बाइंडरबाई त्याचं उत्तर देण्यात अगदी काटेकोर होत्या. एकदा त्यांनी खोकल्याच्या गोळीचं चांदीचं वेष्टणसुद्धा दाखवायला आणलं होतं. "नाही," त्या म्हणाल्या. "नवं काही सुरू केलेलं नाही." आणि ते अगदी खरं होतं. मुलीनं कार्ड पुढं ओढलं. त्याच्या वरच्या कोपऱ्यात अठरा वर्षांपूर्वी बाईंच्याच हातानं लिहिलेलं होतं: धूम्रपान, रोज ३५. ते कुणी वाचलं नाही. अठरा वर्षं जे बदलत नाही ते कोण वाचतो?

दुसऱ्या दिवशी बाईंनी फोन केला. "रक्त कसं आहे हो?"

"एकदम छान."

झालं. बाईंच्या मनात जी काही बारीकशी पाल चुकचुकली असेल ती गप्प झाली. रक्त छान म्हणजे सगळं छान. त्या रक्तात पेशी मोजल्या होत्या, औषध किती आहे ते कुणी मोजलं नव्हतं, हा फरक त्यांना ठाऊक नव्हता. सांगितला कुणी असता तर त्यांनी तोही वहीत लिहून ठेवला असता.

पुढचे चार दिवस कप्तान जवळजवळ उठलाच नाही. उठला की डोळ्यांपुढं अंधारी, भिंत धरून उभा. बोलणं जड, जीभ तोंडात मावत नसल्यासारखी. एकदा कॉफीचा कप हातात दिला तर दंडाला असा झटका बसला की कप समोरच्या भिंतीवर जाऊन फुटला. दोघंही भिंतीकडे बघत राहिले. "डुलकीत दचकलास," बाई म्हणाल्या आणि काचा वेचल्या. संडासला तो गेला नव्हता त्याला पाच दिवस झाले होते, हे त्यांच्या त्याच दिवशी लक्षात आलं. आणि दुपारी पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपण ज्याला सुख म्हणतोय ते सुखच आहे ना? वाटलं, आणि त्यांनी मनातून झटकून टाकलं. उद्या गोळ्या आणायला जायचंच आहे, तेव्हा विचारू.

हॉस्पिटलच्या औषधखिडकीवरचा फार्मासिस्ट म्हणजे एक टकला, चष्मिस, कायम वैतागलेला माणूस. गोळ्या मोजताना बोललेलं त्याला खपायचं नाही. पण बाइंडरबाई गप्प राहतील तर शपथ.

"बातमी आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या कप्तानानं सिगारेट सोडली."

त्याचा मोजणारा हात जागच्या जागी थांबला. त्यानं चष्मा वर केला. बाईंना वाटलं, आता अभिनंदन करील.

"कधी?"

"आज चौदा दिवस झाले. पस्तीसवरून एकदम शून्य! मी म्हटलं..."

"दिवसाला किती झोपतात?"

"झोपतो खूप. छान झोपतो."

"लाळ गळते? उशी भिजते?"

"हो, पण..."

"चालताना तोल जातो? पोट साफ होतं? हातपाय मध्येच झटकतात?"

बाईंचं "पण" तोंडातच राहिलं. त्यांनी भिंतीवर फुटलेला कप सांगितला. पाच दिवस सांगितले. फार्मासिस्ट खिडकी बंद करून दार उघडून बाहेर आला, आणि अठरा वर्षांत त्याला कमरेखाली पाय आहेत हे बाईंनी पहिल्यांदा पाहिलं.

"ऐका," तो बाकावर त्यांच्या शेजारी बसून म्हणाला, आणि आवाज अजिबात वैतागलेला नव्हता. "सिगारेटच्या धुरानं यकृताला घाई लागते. धुरात जे डांबरासारखं असतं ना, त्यानं. मग यकृत क्लोझापीन भराभर मोडून टाकतं. म्हणून तुमच्या भावाला सहाशे मिलिग्रॅम लागायचं. त्यातलं बरंचसं धूरच खात होता. आता धूर गेला. आठवडाभरात यकृत आपल्या मूळच्या चालीवर आलं. गोळ्या मात्र तेवढ्याच. त्या आता अंगात साठतायत."

"म्हणजे मी त्याला..."

"तुम्ही डबीत सहाच्या सहाच ठेवल्यात. पण त्या आता नऊ-दहासारख्या लागतायत."

"पण पट्टी लावलीय त्याला," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "निकोटीन जातंय की अंगात!"

"निकोटीनचा यात काही संबंध नाही. पट्टी लावा, चांगली आहे. यकृताला पळवतो तो धूर. क्लोझापीनचं हे असं, ओलान्झपीन म्हणून दुसरं औषध आहे त्याचंही असंच. आणि कॉफी किती पितात?"

"झोप जावी म्हणून जरा जास्तच देतेय मी. मोठे पाच-सहा कप."

त्यानं क्षणभर डोळे मिटले. "कॉफी मोडायचं कामही यकृताच्या त्याच हाताला. दोघं रांगेत उभे राहतात, औषध आणखी मागं पडतं."

अशी वेळ आली की माणूस दोष द्यायला कुणालातरी शोधतो. बाइंडरबाईंना बाहेर कुणी सापडेना. "आजपासून एक गोळी देत नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या फेकून देते."

"ते तर मुळीच नको!" तो जवळजवळ ओरडला. "मनानं बंद कराल तर आवाज परत येतील, आणि दोन दिवसांच्या वर खंड पडला तर अगदी तळापासून पुन्हा सुरू करावं लागतं. कमी करायचं, तेही डॉक्टर सांगतील तेवढं. मी त्यांना फोन करतो. तुम्ही टॅक्सी घ्या आणि त्यांना आत्ता घेऊन या. ही झोप नाहीये, बाई. यात फिट येऊ शकते. आतडं बंद पडू शकतं."

घरी जाताना टॅक्सीत बाइंडरबाईंना आठवत होतं ते एवढंच, की काल त्या पलंगाशेजारी बसून हसत होत्या. गोष्ट सांगताना स्वतःच्याच विनोदाला हसत होत्या, आणि शेजारी हा माणूस बुडत चालला होता. चाळीस वर्षं त्याच्या आवाजांशी भांडले, पोलिसांकडून सोडवून आणला, वॉर्डाच्या दाराशी बसून राहिले, आणि आता माझ्या हातानं, त्याच गोळ्यांच्या डबीतून? देवा, एवढ्यापुरता जागा ठेव त्याला. धूर परत येऊ दे हवा तर, पुस्तकांना वास येऊ दे, न्यायाधीश शिंकू देत.

कप्तान पलंगावर होता, अर्धा खाली घसरलेला. घशात लाळेची घरघर. बाईंनी त्याला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, हाक मारली. तिसऱ्या हाकेला त्यानं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. टॅक्सीवाला भला माणूस. त्यानं कप्तानाला पाठीवर घेऊन मागच्या जिन्यानं खाली उतरवलं. तिसऱ्या पायरीवर कप्तानाचा हात लोंबून दगडाला घासला आणि बाईंनी तो उचलून छातीशी धरला.

डॉक्टरीणबाईंनी दाखल करून घेतलं. हृदयाचा आलेख काढला, पोट तपासून त्याचा बंदोबस्त केला, रात्रीचा डोस कापला. दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी देण्याआधी पुन्हा रक्त घेतलं, आणि या वेळी पेशींसाठी नाही तर औषध मोजायला. तो आकडा यायला चार दिवस लागले, पण डॉक्टरीणबाई त्यासाठी थांबल्या नाहीत. डोस सहाशेवरून आधी साडेचारशे, मग चारशे. आकडा आला तेव्हा त्यांनी तो बाईंना दाखवला. मागच्या वर्षी धूर चालू असताना रक्तातल्या औषधाचा आकडा साडेचारशे होता, आता अकराशेच्या वर.

"एकच माणूस, त्याच गोळ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आम्ही विचारायला हवं होतं. आम्ही विचारतो की काय सुरू केलं. काय सोडलं, ते विचारत नाही."

"मी सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलंत की. गल्लीभर सांगितलंत म्हणे."

बाईंना रडता रडता हसू आलं. डॉक्टरीणबाईंनी पुढचंही बजावलं: चारशेवर आवाज वाढतायत का बघत राहायचं, तीन आठवड्यांनी पुन्हा मोजायचं, आणि कप्तानानं जर पुन्हा ओढायला सुरुवात केली तर त्याच दिवशी फोन, कारण मग सगळं उलटं होईल. औषध उतरत जाईल आणि आवाज जवळ येतील. म्हणजे धूर गेला तरी धोका आणि आला तरी धोका. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

वॉर्डात बसल्या बसल्या त्यांनी एकही गोष्ट सांगितली नाही. तोंडाला कुलूप. भीती वाटायची, की आपण बोललो तर तो पुन्हा तसाच छान झोपून जाईल. पाचव्या दिवशी कप्तान उठून बसला, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाला, "इथली चादर कुणी शिवली? टाका बघ." आणि बाई बाहेर व्हरांड्यात जाऊन मनसोक्त रडल्या.

महिना गेला. पुढच्या रक्ताच्या मंगळवारी नेहमीच्या सिस्टर परत आल्या होत्या. औषधाचा नवा आकडा पाचशेच्या आसपास होता आणि आवाज शेजारच्या खोलीतच होते. सिस्टरनी जुनं कार्ड काढून घेतलं आणि नवं दिलं. त्यावर दर महिन्याला भरायचा एक नवा रकाना होता: रोज किती ओढता. फार्मासिस्टनं भांडून तो छापून घेतला होता म्हणे, सगळ्यांसाठी. सिस्टर घाईत होत्या. "घरून भरून आणा," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी दुकान बंद करून बाई मागं आल्या तर कप्तान तिसऱ्या पायरीवर. हातात सिगारेट नव्हती, म्हणून फर्मे आणि सुईदोरा घेऊन बसला होता. बाई दोन पायऱ्या सोडून वर बसल्या. धुराचा वास येत नव्हता, आणि बाईंना त्याची इतकी आठवण आली की स्वतःचाच राग आला. त्या वासाबरोबर बोलणं यायचं. आता काय पाहून समजायचं की याला बोलायचंय? मग त्यांना खोकल्याची उबळ आली.

"तू चुकीची सांगत होतीस," कप्तान एकदम म्हणाला.

"काय?"

"गच्चीवरची गोष्ट. मी झोपलो होतो तेव्हा. तीन वेळा सांगितलीस, तिन्ही वेळा चुकीची."

"तू ऐकत होतास?"

"लांबून येत होतं. डोळे उघडत नव्हते. पण तू आहेस हे कळत होतं." त्यानं दोरा दातानं तोडला, ही सवय अण्णांना अजिबात आवडायची नाही. "तू माझा कान नाही पिळलास. तू म्हणालीस, मलापण दे."

"मी?"

"दोन झुरके मारलेस. आणि मग जी खोकायला लागलीस! डोळ्यांतून पाणी, तोंड लालबुंद. मला वाटलं मरतेस. मी विझवून टाकली आणि म्हटलं, तुला खोकला येतो तर नको आपल्याला. मग तुझा खोकला थांबला, आणि मी पुन्हा सुरू केली."

बाईंना आठवलं. इतकी वर्षं स्वतःला शहाणी बहीण म्हणवून घेण्याच्या नादात त्यांनी ते दोन झुरके गिळून टाकले होते. गच्चीवरची ती ऊन लागलेली टाकी आठवली, तिच्या मागं बसलेली दोघं, तोंडाची ती घाण कडू चव, आणि पाठीवर थापट्या मारणारा पंधरा वर्षांचा भाऊ, घाबरलेला.

"हल्ली तू पुन्हा तशीच खोकतेस," कप्तान म्हणाला. "भिंतीपलीकडून ऐकू येतं. रोज."

"म्हणून?"

"म्हणून नको म्हटलं."

चिकाटी लागते, असं त्या गल्लीभर सांगत फिरल्या होत्या. बाइंडरबाईंनी पदर तोंडाला लावला आणि वाकून भावाच्या डोक्यावर हात ठेवला. तो तसल्या गोष्टींना सरावलेला नव्हता. डोकं थोडं आखडलं, पण हलवलं नाही.

"वेड्या, मरत होतास रे तू त्यापायी," त्या म्हणाल्या. "आणि मारत मी होते."

"झोप छान होती," कप्तान म्हणाला. "पण तुझ्या गोष्टी दुरुस्त करता येत नव्हत्या."

मग त्यानं त्यांच्या पिशवीतून नवं कार्ड काढलं आणि पेन मागितलं. मागचं कार्ड तू भरलंस, हे मी भरणार, म्हणाला. रकान्यावर पेन टेकवून तो थांबला.

"डॉक्टरकडे गेलीस खोकल्यासाठी?"

"गुरुवारची वेळ घेतलीय."

"थांबला का काही?"

"नाही अजून."

"मग शून्य लिहितो. थांबला की बघू."

बाई लगेच खोकल्या, चांगल्या दोनदा.

"हा खोटा होता," कप्तान म्हणाला, आणि त्यानं रकान्यात शून्य काढलं.